टिंबानंतरची तीन शून्यं

आमच्या गावच्या दूध संकलन केंद्राचा मी सचिव आहे. गाव बीडजवळच्या पालीच्या पुढं, धरणाच्या अंगाला. सचिव म्हटलं की लोकांना खुर्ची डोळ्यासमोर येते. प्रत्यक्षात मी सकाळी साडेपाचला शटर वर करतो, फरशी धुतो, काटा शून्यावर आणतो आणि रांगेतल्या प्रत्येकाचं दूध मोजून, त्याचं फॅट बघून वहीत लिहितो. संध्याकाळी पुन्हा तेच. अठरा वर्षं झाली. या वर्षांत माझ्या बेरजेत चूक निघाली नाही, हे मी चारचौघांत सांगत नव्हतो, पण लोकांनी सांगितलं की मला बरं वाटायचं. एखादी पावती खराब झाली तर मी ती फाडून टाकत नाही. आडवी रेघ मारून 'रद्द' लिहितो आणि पुस्तकातच ठेवतो. क्रमांक तुटता कामा नये, हा माझा नियम.

ज्या डेअरीला आमचं दूध जातं, तिनं एकदा आमच्या केंद्रावर एक मशीन आणून ठेवलं. परदेशी बनावटीचं, टिफिनच्या डब्याएवढं. दुधातल्या पेशी मोजायचं. गाईच्या कासेत आतून बिघाड सुरू झाला की अंगातल्या पांढऱ्या पेशी तिकडं धावतात आणि दुधात उतरतात. सूज वरून दिसायच्या आधीच दुधातला आकडा वाढतो. आमच्याकडं या आजाराला दगडी म्हणतात, कारण शेवटी कास दगडासारखी होते. दगडी दिसायला लागली तोपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. म्हणून हे मशीन. प्लास्टिकच्या छोट्या चकतीत औषध मिसळलेला दुधाचा थेंब सोडायचा, चकती आत सरकवायची, मिनिट-दीड मिनिटात बाजूनं चिठ्ठी बाहेर येते.

डेअरीचा माणूस गाडी चालू ठेवूनच आला होता. त्यानं दोन थेंब टाकून दाखवले, चकत्यांचा मोजलेला डबा दिला आणि म्हणाला, "चकत्या महाग आहेत, जपून वापरा. हिशेब ठेवा." सोबत एक मराठी कागद होता. त्यावर लिहिलं होतं, एका मिलिलिटरला ४,००,००० पेक्षा जास्त पेशी असतील तर गाय डॉक्टरला दाखवावी. मशीनची मूळ पुस्तिका कुठल्या भाषेत होती हे मला अजून माहीत नाही. अक्षरं इंग्रजीच, पण शब्द एकही ओळखीचा नव्हता.

मी मराठी कागद भिंतीला चिकटवला. एक नवी दोनशे पानी वही घातली. प्रत्येक गाईला एक ओळ: मालक, गाय, चिठ्ठीचा क्रमांक, पेशी, शेरा. चिठ्ठी शेजारीच डकवायची. शिवाय प्रत्येक मालकाला एक कार्ड, त्यावर तोच आकडा आणि माझी सही.

पहिली चिठ्ठी आली 142.000. मी वहीत लिहिलं एकशे बेचाळीस. दुसरी 88.000. अठ्ठ्याऐंशी. तिसरी 215.000. दोनशे पंधरा. मर्यादा चार लाख आणि आमच्या गाई शेकड्यातच. मला अभिमान वाटला. मी रांगेत सांगून टाकलं, "आपल्या गावच्या गाई सोन्यासारख्या हायेत. चार लाखाची मुभा असून हजाराच्या वर एकबी जाईना."

माझा एक वर्गमित्र ट्रॅक्टर चालवतो, दूधही घालतो. तो म्हणाला, "काय बे, गाई सोन्याच्या हायेत का तुझं मशीन येडं हाय?"

"मशीन तीन घरं पुढंपर्यंत मोजतं," मी म्हणालो. "टिंबानंतर तीन शून्यं. तुझ्या ट्रॅक्टरच्या मीटरवानी न्हाई."

लोक हसले. मीही हसलो. आता लिहिताना हात थांबतो तो इथंच. टिंबानंतर तीन घरं दाखवणारं मशीन असतं तर त्या घरांत कधीतरी एक, कधीतरी सात आलं असतं. तीस-पस्तीस चिठ्ठ्या मी स्वतः डकवल्या, आणि त्या प्रत्येक चिठ्ठीवर शेवटची तिन्ही शून्यंच होती. दुधाच्या काट्यावर तिसऱ्या घरात दोनदा लागोपाठ शून्य आलं तरी मी काटा हलवून बघतो. इथं मला काही खटकलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. त्याच चिठ्ठीवर खाली मशीनचं तापमान यायचं. ते यायचं 24,5. मधे स्वल्पविराम. मला वाटलं छपाईच खराब आहे, टिंबाला शेपूट फुटलंय. मी वहीत नीट 24.5 असं लिहायचो. म्हणजे मशीनचा स्वल्पविराम मी रोज स्वतःच्या हातानं टिंब करत होतो. स्वल्पविराम जर टिंबाच्या जागी असेल, तर टिंब कशाच्या जागी आहे, हा प्रश्न चौथीतल्या पोरालाही पडला असता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहतात. नात्यानं लांबच्या, मी त्यांना वहिनी म्हणतो. नवरा बीडला रिक्षा चालवतो, आठवड्यातून दोनदा घरी येतो. घरच्या दोन गाई वहिनीच बघतात. त्यांतली धाकटी, पांढऱ्या कपाळाची, त्यांच्याच गोठ्यात जन्मलेली. तिची आई वितानाच गेली म्हणून वहिनींनी तिला बाटलीनं वाढवलेली. ती पहिल्यांदा व्याली, त्याला तीन आठवडे झाले होते.

त्या दिवशी वहिनी दुधाच्या किटलीबरोबर तिच्या दुधाची छोटी बाटली घेऊन आल्या. रांग लांब होती. बाटली माझ्यापुढं ठेवून हळूच म्हणाल्या, "भाऊ, हिचं एवढं बघा. मागल्या उजव्या सडाचं दूध खारट लागतंय."

"चाखलं?"

"रोजच चाखते. चारीबी सडं. तीन गोड हायेत, एक खारट हाय. कालपासून."

मी थेंब टाकला, चकती सरकवली. चिठ्ठी आली 1.120.000.

एका आकड्यात दोन टिंबं. मी ती चिठ्ठी उजेडाला धरली. एका आकड्यात दोन टिंबं असूच शकत नाहीत. एक पूर्णांक बारा शतांश, आणि त्यापुढं परत टिंब, हे काय? मशीन अडखळलं असणार. मी चिठ्ठी चुरगाळून टेबलाखालच्या डब्यात टाकली. तिच्यावर 'रद्द' लिहून ती डकवायला हवी होती. नियम माझाच. पण एक चकती वाया गेली हे डेअरीला दाखवायला नको, असं वाटलं. दुसरी चकती काढली, त्याच बाटलीतला दुसरा थेंब सोडला.

या वेळी आलं 960.000. एकच टिंब. मला हायसं वाटलं.

"वहिनी, नऊशे साठ," मी म्हणालो. "कितीपर्यंत चालतं माहीत हाय का? ते बघा भिंतीवर. चार लाख."

"पर खारट लागतंय, भाऊ."

"आता आकडा खरा का जीभ खरी?"

मागून माझा वर्गमित्र म्हणाला, "वैनी, सकाळी मीठ टाकून मिसरी लावली असंल तुमी."

सगळी रांग हसली. मी तर वरून म्हणालो, "चार लाखाला नऊशे साठ. ही गाय पेशी देतच न्हाई म्हणा की." त्यावर परत हशा. वहिनींनी पदर सारखा केला, थोडं हसल्यासारखं केलं आणि किटली उचलली. मी त्यांच्या कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: पेशी ९६०. निरोगी. खाली सही.

त्या चारपाच पावलं गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, "मग डॉक्टरला न बोलावलं तर चालंल ना?"

मी पुढच्याचं दूध मोजत होतो. वर न बघता म्हणालो, "कावून बोलावता? उगं औषध टोचून जाईल. दूध चार दिवस टाकून द्यावं लागंल."

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. त्यातला एकही शब्द मी आता मागं घेऊ शकत नाही.

पुढचे सात-आठ दिवस वहिनी आल्या, गेल्या. खारट हा शब्द त्यांनी परत काढला नाही. मीही विचारलं नाही. नंतर मला कळलं, त्या दोन दिवस त्या सडाचं दूध वेगळं काढून कुत्र्याला घालत होत्या, आणि मग स्वतःलाच वेड्यात काढून परत किटलीत ओतायला लागल्या. कार्ड त्यांनी देवाच्या फळीवर ठेवलं होतं.

आठव्या की नवव्या दिवशी सकाळी त्या आल्याच नाहीत. त्यांची मोठी सून किटली घेऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, "धाकटी गाय उठंना. कास धोंड्यावानी झाली. दुधात गुठळ्या येत्यात, रगतबी हाय. सासूबाई तिच्यापाशी बसल्यात."

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर नऊच्या सुमाराला आले. निवृत्तीला आलेला, सावकाश बोलणारा माणूस. मी केंद्र बंद करून तिकडं गेलो तेव्हा ते पत्र्याखाली उकिडवे बसून सडातून दूध पिळत होते. दूध कसलं, पिवळं पाणी आणि त्यात दह्याच्या कण्या. गाय अंगानं तापलेली. वहिनी तिच्या गळ्याखाली हात घालून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सडात औषध सोडलं आणि हात धुता धुता वहिनींना म्हणाले, "गाय वाचंल. तीन सडंबी वाचतील असं वाटतंय. ह्या सडाचं आता काही सांगता येत न्हाई. किती दिवस झाले?"

वहिनी आत गेल्या आणि फळीवरचं कार्ड घेऊन आल्या. डॉक्टरांनी वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. "सचिव, ही सही तुमची. नऊशे साठ म्हणजे?"

"नऊशे साठ पेशी."

"एका मिलीत?"

"हो."

ते कार्ड खिशात घालून म्हणाले, "चला, तुमची वही दाखवा."

केंद्रावर ते माझ्या खुर्चीत बसले, मी उभा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून चिठ्ठ्या एकेक करत बघितल्या. मग बोट तापमानावर ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

"चोवीस पॉइंट पाच."

"इथं तर स्वल्पविराम हाय."

"छपाईत..." मी म्हणालो.

"छपाईत काही न्हाई," ते म्हणाले. "तिकडच्या कित्येक देशांत आपल्या उलट लिहितात. पूर्णांक संपला की स्वल्पविराम, आन् हजार तोडायला टिंब. हे नऊशे साठ न्हाई. नऊ लाख साठ हजार हाय. आपण कसं लिहितो, नवाच्या पुढं स्वल्पविराम, साठाच्या पुढं स्वल्पविराम. त्यांनी तीन-तीन घरांनी टिंब दिलं. आकडा तोच."

मी वहीकडं बघत राहिलो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझं अक्षर. एकशे बेचाळीस म्हणजे एक लाख बेचाळीस हजार. दोनशे पंधरा म्हणजे दोन लाख पंधरा हजार. एवढ्या गाईंचा प्रत्येक आकडा मी हजारानं भागून लिहिला होता, आणि भिंतीवरचा चार लाख मात्र तसाच ठेवला होता.

डॉक्टर समजुतीच्या आवाजात बोलत होते. "दूध खारट होतं ते बरोबरच हाय. कास बिघडली की मीठ उतरतं. बाईनं बरोबर ओळखलंतं." मग ते वहीतल्या क्रमांकावर आले. "एकतीस. तेहतीस. बत्तीस कुठंय?"

आजवर माझ्या कुठल्या वहीत मधला क्रमांक गायब नव्हता. मी म्हणालो, "कोरी चिठ्ठी आली होती. टाकून दिली."

त्यांनी मान डोलावली. वही मिटली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. एकच टिंब असल्यावर कुणीबी फसंल. मी असतो तर मीबी फसलो असतो. दहा लाखाच्या वर एखादा आकडा गेला असता तर दोन टिंबं पडली असती, आन् तुमच्यासारख्या माणसाला तिथंच कळलं असतं."

त्यांच्या हाताचं वजन खांद्यावर तसंच राहिलं होतं. बत्तीस नंबरची चिठ्ठी दोन टिंबांची होती. अकरा लाख वीस हजार. ती माझ्या हातात आली होती आणि मी उजेडाला धरून बघितली होती.

जायच्या आधी त्यांनी वहीतून आणखी तीन गाई काढल्या. तिन्ही चार लाखाच्या वरच्या. त्या तीन घरी मी त्याच दुपारी गेलो. "मशीनच्या आकड्यात घोळ झालाय, उद्या डॉक्टर बघून जातील," असं सांगितलं. मशीनच्या आकड्यात. माझ्या वाचण्यात, असं नाही म्हणालो. नशीब की त्या तिन्ही गाई औषधानं सावरल्या. वहिनींच्या घरी संध्याकाळी त्यांचा नवरा रिक्षा घेऊन आला होता. त्यालाही मी तेच सांगितलं. परदेशी मशीन, उलटी पद्धत, डेअरीवाल्यानं सांगितलंच नाही. तो बिचारा मलाच म्हणाला, "तुमी तरी काय करणार, भाऊ. जे छापून येईल तेच लिवणार." वहिनी चुलीपाशी गाईची कास शेकायचं पाणी तापवत होत्या.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, फक्त बत्तीस नंबर सोडून. ती भाकरी मोडत म्हणाली, "मशीन तुमी आणलं न्हाई, हे खरं. पर हसलात तुमीच ना?"

"सगळेच हसले."

"ते आकड्याला हसले न्हाईत. तुमी हसलात म्हणून हसले. सचिव हसला म्हणजे बाई खोटी."

दुसरा दिवस गेला. मी दूध मोजलं, फॅट बघितलं, लिहिलं. रांगेत लोक डेअरीला नावं ठेवत होते. माझा वर्गमित्र म्हणाला, "मी म्हणलंतं न्हाई का बे, मशीन येडं हाय." मी 'हो' म्हणालो. तो खुश झाला. मशीनवर मी फडकं झाकून ठेवलं होतं. वहीच्या तीस-पस्तीस ओळींतली प्रत्येक संख्या लाल शाईनं दुरुस्त केली, 9,60,000, 1,42,000, एकेक, आणि प्रत्येक दुरुस्तीपुढं सही केली. एकतीस आणि तेहतीसच्या मधे बोट गेलं की थांबायचं. तिथं जागा नव्हती. मी दोन ओळी इतक्या जवळ लिहिल्या होत्या की मधे काही होतं, असं कुणालाही वाटू नये.

डेअरीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "अहो, पहिल्यांदा चालू करताना भाषा निवडायची असते, मागच्या केंद्रावर कुणीतरी तशीच सोडली असेल. तुम्ही विचारायचं नाही का?" मी ठीक आहे म्हणालो. खरं तर चिडायला जागा होती, पण चिडण्याइतकी माझी बाजू स्वच्छ नव्हती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी निकाल दिला. गाय उठली, खायला लागली. मागचं उजवं सड गेलं. आता त्यातून कधीच दूध येणार नाही. मी विचारलं, "आठ दिवस आधी कळलं असतं तर?" ते म्हणाले, "खात्रीनं कोण सांगणार? पर वाचलं असतं असं मला वाटतं." या उत्तरात त्यांनी मला अर्धी सूट दिली होती. बाकीची सूट मी त्यांच्याकडून खोटं बोलून घेतली होती, ती परत करायला हवी होती.

मी तिथंच, गोठ्याच्या बाहेर, त्यांना सांगितलं. बत्तीस नंबर कोरी नव्हती. दोन टिंबं होती. मी फेकली. त्यांनी बॅगेची चेन लावली आणि म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? माझी गाय न्हाई ती."

म्हणून चौथ्या दिवशी सकाळी मी काट्यावर पहिली किटली ठेवायच्या आधी उभा राहिलो. वहिनी रांगेत पाचव्या-सहाव्या होत्या. अठरा वर्षांत मी त्या रांगेशी फॅट आणि लिटर सोडून दुसरं फारसं बोललो नव्हतो. मी म्हणालो, की मशीन बरोबर होतं. वाचणारा चुकला. वहिनींच्या गाईची एक चिठ्ठी अशी आली होती की ती बघून कुणीही थांबला असता. मी थांबलो नाही, ती चुरगाळून टाकली, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर कोरी होती म्हणून खोटं सांगितलं. वहिनी खारट म्हणत होत्या, ते खरं होतं. मी त्यांना हसलो. डॉक्टरला बोलावू नका, हेही मीच म्हणालो.

कुणाच्या तरी किटलीची कडी खणकन पडली. माझ्या वर्गमित्रानं खाली बघून चपलेनं माती सारली. त्याला वाटलं असावं की आता मिठाच्या मिसरीचंही निघेल. ते मी काढलं नाही. तो विनोद त्याचा होता, पण वाट मी करून दिली होती.

वहिनी रांग सोडून पुढं आल्या. मला वाटलं रडतील, नाहीतर दूध दुसरीकडं घालते म्हणतील. तसं म्हणाल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी किटली फरशीवर ठेवली.

"भाऊ, ते मशीन परक्या मुलखातलं. त्याचं बोलणं तुमाला कळलं न्हाई, ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी तर इथलीच हाय ना. मी तर तुमच्याच बोलीत सांगितलंतं."

मी मान खाली घातली.

"त्या वहीत माझ्या गाईचं काय काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

मी वही उघडली. ओळ वाचून दाखवली. चिठ्ठी तेहतीस, पेशी नऊशे साठ खोडून नऊ लाख साठ हजार, शेरा 'निरोगी' खोडून 'दगडी, एक सड बंद'.

"आन् मी काय म्हणलंतं, ते?"

"ते लिहिलेलं न्हाई."

"मग लिवा."

मी पेन घेतलं. एकतीस आणि तेहतीसच्या मधे खरंच जागा नव्हती. समासात लिहावं लागलं, बारीक अक्षरात, वही आडवी धरून. चिठ्ठी क्रमांक बत्तीस, अकरा लाख वीस हजार, सचिवानं फेकली. मागल्या उजव्या सडाचं दूध खारट लागतं, असं मालकिणीनं त्याच वेळी सांगितलं होतं. सचिवानं ऐकलं नाही. सही.

"वाचा."

मी वाचलं. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं नाही वाचता आलं. वहिनींनी वहीत वाकून बघितलं. त्यांना वाचायला फारसं येत नाही, पण ओळीची लांबी आणि अक्षराचा आकार कुणालाही दिसतो.

"लई बारीक लिवलंय," त्या म्हणाल्या आणि किटली उचलून काट्यावर ठेवली.